क्लॉझियसची असमानता आणि एन्ट्रॉपी: ‘पेक्षा कमी’ या चिन्हातून ‘बरोबर’ कसं निघतं

ऊष्मागतिकी शिकताना एका ठिकाणी बहुतेक जण अडखळतात. आधी क्लॉझियसची असमानता येते: कोणत्याही चक्रासाठी ∮ δQ/T ≤ ०, म्हणजे चक्रभर घेतलेल्या उष्णतेचा प्रत्येक लहान हिस्सा δQ तापमान T ने भागून केलेली बेरीज शून्य किंवा त्याहून कमी. मग लगेच पुढच्या ओळीत लिहिलेलं असतं, ‘म्हणून एन्ट्रॉपी हे अवस्थाफल आहे’, म्हणजे ती फक्त वस्तूच्या अवस्थेवर ठरते, तिथवर आलेल्या वाटेवर नाही. हे ‘म्हणून’ कुठून आलं? असमानता फक्त एवढंच सांगते की बेरीज शून्यापेक्षा जास्त होणार नाही. अवस्थाफल ठरायला मात्र ती शून्याच्या बरोबर असावी लागते. हा पूल नेमका कसा बांधला जातो, ते एका वायूच्या आकड्यांसह पाहू.

आधी अडचण काय आहे ते पाहू या. एक मोल एक-अणुक आदर्श वायू घ्या. सुरुवातीची अवस्था ‘अ’: तापमान ३०० केल्व्हिन, आकारमान V. शेवटची अवस्था ‘ब’: तापमान ६०० केल्व्हिन, आकारमान 2V. दोन्ही अवस्थांत दाब सारखाच आहे, कारण तापमान आणि आकारमान दोन्ही दुप्पट झाले.

‘अ’कडून ‘ब’कडे जायच्या वाटा हव्या तेवढ्या आहेत. इथे प्रत्येक वाट हळूहळू चाललेली समजा. पहिली वाट: आकारमान तेच ठेवून वायू ६०० पर्यंत तापवा, मग ६०० वरच त्याला दुप्पट पसरू द्या. दुसरी वाट: आधी ३०० वरच दुप्पट पसरू द्या, मग आकारमान न बदलता तापवा. तिसरी वाट: दाब कायम ठेवून तापवत न्या, वायू आपोआप पसरत जाईल. वायूने घेतलेली उष्णता पहिल्या वाटेवर सुमारे ७२०० जूल भरते, दुसरीवर ५४७० आणि तिसरीवर ६२३६. सुरुवात तीच, शेवट तोच, तरी उत्तरं तीन. म्हणूनच ‘या वायूत इतकी उष्णता आहे’ असं म्हणता येत नाही. उष्णता ही वाटेवरची गोष्ट आहे, मुक्कामाची नाही.

आता उष्णतेचा प्रत्येक लहान हिस्सा, तो ज्या तापमानाला घेतला त्या तापमानाने भागा आणि मग बेरीज करा. आकारमान कायम ठेवून तापवण्याच्या टप्प्यात ही बेरीज १२.४७२ × ln 2 म्हणजे ८.६४५ येते (१२.४७२ ही या वायूची स्थिर आकारमानाला असलेली मोलर उष्णताधारकता). ६०० वर पसरण्याच्या टप्प्यात ती ८.३१४ × ln 2 म्हणजे ५.७६३ येते. ३०० वर पसरलं तरी ५.७६३च, कारण उष्णता अर्धी झाली आणि तापमानही अर्धं झालं. पहिल्या दोन्ही वाटांवर एकूण १४.४०८ जूल प्रति केल्व्हिन. तिसऱ्या वाटेवर २०.७८६ × ln 2, तेही १४.४०८.

तीन वाटा, तीन वेगळ्या उष्णता, पण भागून केलेली बेरीज एकच. आदर्श वायूच्या बाबतीत हे समीकरणं मांडून सरळ दाखवता येतं. पण हा आदर्श वायूचा योगायोग आहे, की रबर, चुंबक, वाफ, बॅटरी अशा कशालाही लागू पडणारी गोष्ट आहे? या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर वायूचं समीकरण कामाचं नाही. पदार्थाचं नावही न घेणारा युक्तिवाद हवा, आणि तो क्लॉझियसच्या असमानतेतून मिळतो.

असमानतेकडे वळण्याआधी तिच्यातल्या T चा अर्थ नीट लावायला हवा, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. ∮ δQ/T मधलं T हे वायूचं तापमान नाही. ज्या साठ्याकडून वायूने उष्णता घेतली किंवा ज्याला दिली, त्या साठ्याचं ते तापमान आहे. साठा म्हणजे इतकी मोठी वस्तू, की उष्णता दिली-घेतली तरी तिचं तापमान बदलत नाही. वायू ३०० वर असेल आणि आपण त्याला ६०० च्या साठ्याला भिडवलं, तर भागायचं ६०० ने. वायू खळबळलेला असेल, त्याच्या आत ठिकठिकाणी वेगळी तापमानं असतील, तर ‘वायूचं तापमान’ या शब्दालाच अर्थ राहत नाही. साठ्याच्या तापमानाला मात्र राहतो. म्हणूनच ही असमानता कितीही धसमुसळ्या चक्राला लागू पडते.

ती खरी का, ते थोडक्यात असं. आपली वस्तू (वायू किंवा काहीही) एक चक्र पूर्ण करते आणि वाटेत निरनिराळ्या तापमानांच्या साठ्यांशी उष्णतेची देवाणघेवाण करते. प्रत्येक साठ्याची भरपाई करायला त्याच्या मागे एक छोटं कार्नो इंजिन, म्हणजे दोन तापमानांमधे चालणारं आणि उलटंही चालवता येणारं आदर्श इंजिन, जोडू. ही सगळी इंजिनं T₀ तापमानाच्या एकाच मुख्य साठ्यावर चालतात. एखाद्या साठ्याने वस्तूला δQ उष्णता दिली, की त्याचं कार्नो इंजिन मुख्य साठ्याकडून उष्णता उचलतं आणि तेवढीच δQ त्या साठ्याला परत देतं. वस्तूने उलट उष्णता दिली असेल, तर इंजिन उलटं चालतं. कार्नो इंजिनात उष्णतांचं प्रमाण तापमानांच्या प्रमाणाइतकंच असतं, म्हणून मुख्य साठ्याकडून उचललेली उष्णता T₀ × δQ/T इतकी भरते.

चक्र संपलं की हिशेब काय राहतो? वस्तू मूळ अवस्थेत आली, मधले साठे जसेच्या तसे, इंजिनंही आपापल्या सुरुवातीला. एकट्या मुख्य साठ्याकडून एकूण T₀ ∮ δQ/T इतकी उष्णता गेली आणि तेवढंच कार्य बाहेर आलं. ही रक्कम धन असती, तर एकाच साठ्याकडून उष्णता घेऊन, दुसरं काहीही न बदलता, तिचं पूर्ण कार्य केल्यासारखं झालं असतं. केल्व्हिनने १८५१ साली मांडलेला दुसरा नियम नेमकं हेच नाकारतो. ऋण असायला मात्र त्याची हरकत नाही, कारण कार्य खर्चून साठा तापवता येतोच. म्हणून

∮ δQ/T ≤ ०

असमानतेत एकच बाजू बंद आहे, दुसरी उघडी आहे, याचं कारण इथे दिसतं. दुसरा नियमच एकतर्फी आहे.

आता मुख्य पायरी. एखादं चक्र उलटवता येण्याजोगं आहे असं समजा. म्हणजे तेच साठे वापरून, त्याच अवस्थांमधून, उलट्या क्रमाने ते चालवता येतं, आणि उष्णतेचा प्रत्येक हिस्सा तोच राहून फक्त त्याची दिशा बदलते. सुलट्या चक्राची बेरीज X असेल तर उलट्याची −X. पण उलटं चक्र हेही एक चक्रच आहे, आणि असमानता प्रत्येक चक्राला लागू आहे. म्हणून X ≤ ० आणि −X ≤ ०. दोन्ही एकदम खरं व्हायला X ला शून्याशिवाय दुसरी जागाच उरत नाही.

एकतर्फी नियमाला दोन्ही दिशांनी वापरून आपण त्याच्याकडून बरोबरीचं चिन्ह काढून घेतलं. मला हा युक्तिवाद ऊष्मागतिकीतला सर्वांत देखणा वाटतो, कारण त्यात हिशेब जवळजवळ काहीच नाही आणि निष्कर्ष मात्र सगळ्या पदार्थांना लागू होतो.

इथून अवस्थाफलापर्यंतचं अंतर लहान आहे. ‘अ’कडून ‘ब’कडे जाणाऱ्या कोणत्याही दोन उलटवता येणाऱ्या वाटा घ्या. पहिलीने जा, दुसरीने उलटं या. हे एक उलटवता येणारं चक्र झालं, त्याची बेरीज शून्य. म्हणजे पहिल्या वाटेची बेरीज वजा दुसऱ्या वाटेची बेरीज बरोबर शून्य, अर्थात दोन्ही समान. वाटा कोणत्या घेतल्या ते आपण विचारलंच नाही, म्हणून उत्तर फक्त ‘अ’ आणि ‘ब’ यांवर अवलंबून आहे. एक अवस्था संदर्भ म्हणून निवडा, तिला एक आकडा द्या, मग बाकी प्रत्येक अवस्थेचा आकडा ठरून जातो. त्या आकड्याला S म्हणायचं. चक्रांची ही बेरीज क्लॉझियसने १८५४ साली मांडली होती, आणि १८६५ साली त्याने या राशीला एन्ट्रॉपी हे नाव दिलं.

एक बारकावा इथे सुटू देऊ नये. एखाद्या एका चक्राची बेरीज शून्य आली म्हणून काही सिद्ध होत नाही. एखाद्या चक्रात उष्णतेची निव्वळ बेरीजही शून्य येऊ शकते, पण तेवढ्याने उष्णता काही अवस्थाफल ठरत नाही. सिद्धता उभी राहते ती असमानता सगळ्या चक्रांना लागू असल्यामुळे. आपल्या उदाहरणात पहिल्या वाटेने जाऊन दुसरीने परत आलो, तर उष्णतेची निव्वळ बेरीज सुमारे १७२९ जूल उरते. तेवढंच त्या चक्राचं कार्य. δQ/T ची बेरीज मात्र शून्य.

पण उलटवता येणारी प्रक्रिया ही कागदावरची गोष्ट आहे, प्रत्यक्षात ती कधीच होत नाही, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे. म्हणून आपल्या वायूचा एकच टप्पा घेऊन, खऱ्या, उलटवता न येणाऱ्या प्रक्रियांवर असमानता काय करते ते पाहू. टप्पा असा: आकारमान कायम, तापमान ३०० वरून ६००. उष्णता ठरलेली आहे, सुमारे ३७४१.५ जूल, कारण इथे कार्य नाही आणि अंतर्गत ऊर्जेतला फरक ठरलेला आहे. बदलू शकतात ते फक्त साठे.

सर्वांत ओबडधोबड पद्धत: वायूला थेट ६०० च्या साठ्याला भिडवा. सगळी उष्णता ६०० ने भागली जाते, बेरीज ६.२३६. परत येताना थेट ३०० च्या साठ्याला भिडवा. तीच उष्णता बाहेर जाते, पण आता ३०० ने भागली जाते, बेरीज −१२.४७२. चक्राची बेरीज −६.२३६. शून्यापेक्षा कमी, असमानतेला धरून. ही प्रक्रिया उलटवता का येत नाही तेही दिसतं: उलटवायची तर ३०० वरच्या वायूने ६०० च्या साठ्याला उष्णता द्यायला हवी.

आता मधे साठे वाढवू. ३० अंशांच्या अंतराने दहा साठे घ्या: ३३०, ३६०, असं करत ६०० पर्यंत. वायू एकेकाला भिडवत वर न्या. चढतानाची बेरीज ८.३४१ येते. उतरताना ५७० पासून ३०० पर्यंतचे दहा साठे वापरले तर −८.९६४. ३ अंशांच्या अंतराने शंभर साठे घेतले तर चढताना ८.६१४ आणि उतरताना −८.६७६.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहायला हवं. चढतानाची बेरीज ६.२३६, ८.३४१, ८.६१४ अशी वर सरकते. उतरतानाची बेरीज, चिन्ह काढून, १२.४७२, ८.९६४, ८.६७६ अशी खाली येते. दोघी दोन बाजूंनी ८.६४५ कडे सरकतात आणि एकमेकींना ओलांडत नाहीत. ओलांडू शकतच नाहीत, आणि तेच असमानता सांगते: कोणतीही चढण आणि कोणतीही उतरण जोडली की एक चक्र होतं, त्याची बेरीज शून्यापेक्षा जास्त नसते, म्हणून चढतानाची प्रत्येक बेरीज उतरतानाच्या प्रत्येक बेरजेच्या (चिन्ह काढून) आत राहते. कितीही वेगळ्या पद्धती वापरा, दोन्ही गटांच्या मधे एक सीमा राहतेच. आणि साठे वाढवत नेऊन दोन्ही गट त्या सीमेच्या हवे तितके जवळ आणता येत असतील, तर ती सीमा म्हणजे एकच ठरलेला आकडा. तो कोणत्याही एका प्रक्रियेचा नाही, दोन अवस्थांचा आहे. तोच एन्ट्रॉपीतला फरक.

असं पाहिलं की उलटवता येणारी प्रक्रिया प्रत्यक्षात घडायची गरज उरत नाही. खऱ्या प्रक्रिया तिच्याजवळ दोन्ही बाजूंनी पोहोचू शकतात, एवढं पुरतं.

याच चित्रातून आणखी एक प्रश्न सुटतो. विद्यार्थी विचारतात, चक्राची बेरीज −६.२३६ आली, म्हणजे चक्र संपल्यावर वायूची एन्ट्रॉपी ६.२३६ ने कमी झाली का? नाही. वायू ‘अ’ला परत आला, S अवस्थेचं आहे, म्हणून फरक शून्यच. −६.२३६ ही एन्ट्रॉपी नाहीच, ती साठ्यांच्या तापमानांनी भागलेल्या उष्णतांची बेरीज आहे. साठ्यांच्या बाजूने पाहिलं तर तीच रक्कम चिन्ह बदलून त्यांच्या खाती जमा होते. ६०० च्या साठ्याची एन्ट्रॉपी ६.२३६ ने घटली, ३०० च्याची १२.४७२ ने वाढली, एकूण ६.२३६ ने वाढ. δQ/T ची बेरीज आणि S मधला फरक हे दोन्ही फक्त उलटवता येणाऱ्या वाटेवर एक असतात. इतर कोणत्याही वाटेवर

∫ δQ/T < S(ब) − S(अ)

आणि हेही त्याच असमानतेतून निघतं: उलटवता न येणाऱ्या वाटेने ‘ब’ला जा, उलटवता येणाऱ्या वाटेने ‘अ’ला परत या, चक्राची बेरीज शून्यापेक्षा कमी.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे मुक्त प्रसरण. ३०० केल्व्हिनचा वायू V मधे कोंडलेला आहे, शेजारी तेवढीच निर्वात जागा आहे, सगळं उष्णतारोधक भिंतींत आहे. मधला पडदा काढला. वायू 2V मधे पसरला, उष्णता शून्य, कार्य शून्य, आदर्श वायू असल्याने तापमानही तेच. δQ/T ची बेरीज शून्य. ‘उष्णताच नाही, मग एन्ट्रॉपीत फरक कुठला’ हा चुकीचा निष्कर्ष इथे फार सहज निघतो. पण आधी सिद्ध केलं आहे की S फक्त सुरुवात आणि शेवट पाहतं. म्हणून त्याच दोन अवस्थांना जोडणारी दुसरी, उलटवता येणारी वाट घ्या: ३०० च्या साठ्याला धरून हळूहळू दट्ट्या सरकवत पसरणं. तिची बेरीज ५.७६३. एन्ट्रॉपीतला फरक तोच, पडदा काढला तरीही. जी वाट घडलीच नाही तिच्यावर हिशेब करायची मुभा मिळते, ती S अवस्थाफल असल्यामुळेच.

पुस्तकांत कधीकधी ही सिद्धता उलटी मांडलेली दिसते: ‘एन्ट्रॉपी अवस्थाफल आहे, म्हणून उलटवता येणाऱ्या चक्रात ∮ δQ/T = ०’. वाक्य खरं आहे, पण सिद्धता म्हणून वर्तुळात फिरतं. बरोबर क्रम ओळखायची सोपी खूण आहे. ∮ δQ/T बद्दलचं वाक्य सिद्ध करताना S हे अक्षर कुठे आलं का ते पाहा. वरच्या मांडणीत केल्व्हिनचं विधान, कार्नो इंजिनं, असमानता, तिची उलटापालट, इथवर S कुठेच नाही. ते त्यानंतर जन्माला येतं.

या सिद्धतेच्या मर्यादाही तिच्या पायऱ्यांतच आहेत. ‘अ’ आणि ‘ब’ या समतोल अवस्था असायला हव्यात, आणि त्यांना जोडणारी निदान एक वाट अशी हवी की जिच्याजवळ दोन्ही दिशांनी जाता येईल. पडदा काढल्यानंतरच्या क्षणी वायू खळबळत असतो, त्या क्षणाची S या मार्गाने मिळत नाही. त्यासाठी वायूचे लहान लहान भाग आपापल्या जागी समतोलात आहेत असं मानावं लागतं, आणि ते मानणं दर वेळी चालेलच असं नाही. काही काचांच्या बाबतीतही अडचण येते: काच थंड करतानाची आणि तापवतानाची वाट एकमेकींवर बसत नाही, म्हणून चढण आणि उतरण यांच्या बेरजांमधली फट कितीही हळू गेलं तरी व्यवहारात पुरती बुजत नाही. तसंच, ही सिद्धता फक्त फरक देते. S चा मूळ आकडा कुठून मोजायचा, ते तिला ठाऊक नाही, त्यासाठी तिसरा नियम लागतो.